देखभाल शुल्क आणि थकबाकीदारांचा मासिक गोषवारा: खतावणीवरून केलेल्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या डोंबिवलीच्या गृहनिर्माण संस्थेत दोन विंग मिळून ४८ सदनिका आहेत. दर महिन्याच्या १ तारखेला देखभालीचे बिल निघते आणि ते २० तारखेपर्यंत भरायचे असते. सर्व सदनिका सारख्याच क्षेत्रफळाच्या असल्यामुळे बिलही सर्वांना सारखेच, म्हणजे ३,००० रुपयांचे आहे. चार सदनिका भाड्याने दिलेल्या असून त्यांना सेवाशुल्काच्या १० टक्के, म्हणजे १८० रुपये, बिनभोगवटा शुल्क अधिक पडते. उशिरा भरणाऱ्यांना सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार दरसाल १८ टक्के, म्हणजे दरमहा दीड टक्का, सरळ व्याज लागते. आदर्श उपविधींतील कमाल मर्यादा २१ टक्क्यांची आहे आणि तेथेही व्याज सरळच धरायचे आहे.

खजिनदारबाईंना प्रत्येक समिती-बैठकीत एका पानाचा गोषवारा मांडायचा असतो. एकूण येणे किती, ते किती जुने आहे आणि नियमाने थकबाकीदार कोण, एवढेच त्यात हवे असते. आजवर त्या खतावणीतील अखेरची शिल्लक पाहायच्या आणि ज्याची शिल्लक तीन बिलांपेक्षा, म्हणजे ९,००० रुपयांपेक्षा, जास्त त्याला थकबाकीदार म्हणायच्या. पण सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यातील थकबाकीदाराची व्याख्या रकमेवर नसून मुदतीवर आहे. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख आणि भरण्याची अखेरची तारीख यांपैकी जी नंतरची असेल, तिच्यापासून तीन महिन्यांत देणे न भरणारा तो थकबाकीदार. त्यामुळे ५०० रुपये जुने राहिले तरी सदस्य थकबाकीदार ठरू शकतो आणि ८,००० रुपये ताजे असले तरी ठरत नाही. शिल्लक कितीही बारकाईने पाहिली तरी तिच्यावरून वय कळत नाही, हे या कामाचे मूळ कारण आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सदस्यांची खतावणी ३१ डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली. `Date`, `VchType`, `Flat`, `Narration`, `Debit` आणि `Credit` असे सहा रकाने आहेत. सदस्यांकडून एकूण येणे ७७,००६.७२ रुपये दिसते आणि ते तेरजेशी जुळते.

५ जानेवारी, रविवार

पहिली गोष्ट अर्ध्या तासात लक्षात आली. ७७,००६.७२ हा आकडा निव्वळ आहे. पाच सदस्यांनी मार्चपर्यंतचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांची प्रत्येकी ९,००० याप्रमाणे ४५,००० रुपये आगाऊ जमा आहे, आणि खतावणीची एकूण बेरीज ती परस्पर वजा करून टाकते. प्रत्यक्ष येणे १,२२,००६.७२ रुपये आहे. चोख भरणाऱ्या पाच जणांच्या पैशांनी न भरणाऱ्यांची थकबाकी झाकली जाणे हे ताळेबंदातही बरे दिसत नाही, म्हणून गोषवाऱ्यात येणे आणि आगाऊ जमा यांच्या दोन स्वतंत्र ओळी ठेवायच्या असे ठरवले.

बाकी चित्र फारसे गुंतागुंतीचे नाही. ३२ सदनिकांची बाकी शून्य आहे. सात जणांचे फक्त डिसेंबरचे बिल राहिले आहे, म्हणजे २१,००० रुपये; ते नेहमीप्रमाणे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतील. उरलेल्या चार सदनिका अशा आहेत: अ-१०२, अ-२०७, अ-४०१ आणि ब-३०४. पुढचे सगळे काम या चार घरांचे आहे, असे मी खजिनदारबाईंना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "चारच घरं असली तरी चारही चार तऱ्हांची आहेत, बघाल तुम्ही." त्या बँकेतून निवृत्त झालेल्या असल्यामुळे त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

८ जानेवारी, बुधवार

अ-१०२ चे कुलूप दोन वर्षे उघडलेले नाही; मालक परगावी असतात. एप्रिल २०२३ पासून २१ बिले निघाली आणि एक पैसाही आलेला नाही. मुद्दल ६३,००० रुपये. सॉफ्टवेअर एकूण येणे ७३,४११.५७ दाखवते, म्हणजे व्याज १०,४११.५७ रुपये.

हे व्याज हाताने तपासले. पहिल्या बिलावर पुढच्या महिन्यात ४५ रुपये, मग दोन बिलांवर ९०, तीन बिलांवर १३५. अशी दर महिन्याला ४५ रुपयांची सरळ चढण व्हायला हवी. खतावणीत मात्र मे २०२३ ला ४५, जूनला ९०.६८ आणि जुलैला १३७.०४ अशा नोंदी आहेत. जूनमधले ते अडुसष्ट पैसे म्हणजे मे महिन्याच्या ४५ रुपये व्याजावर पुन्हा धरलेले व्याज. सॉफ्टवेअर मुद्दलावर व्याज न धरता एकूण शिल्लकेवर धरत होते, म्हणजे न सांगता चक्रवाढ लावत होते. आपल्या संस्थेत असे होते आहे का, हे पाहायला वर्षभराचा हिशेब लागत नाही. सलग न भरलेल्या कुठल्याही सदनिकेची व्याजाची तिसरी नोंद पाहिली की कळते.

सरळ व्याजाची बेरीज अशी: पहिल्या बिलावर २० महिन्यांचे, दुसऱ्यावर १९ महिन्यांचे, अशा उतरत्या क्रमाने एकूण २१० महिने, प्रत्येकी ४५ रुपये, म्हणजे ९,४५० रुपये. खरे येणे ७२,४५० रुपये झाले. फरक ९६१.५७ रुपयांचा आहे. एवढ्या मोठ्या थकबाकीत हजारभर रुपयांनी काय बिघडते, असे वाटू शकेल. पण हे प्रकरण पुढे कलम १५४ ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जाण्याची शक्यता आहे आणि त्या अर्जाचा कणा म्हणजे खात्याचा उतारा. उताऱ्यात उपविधींना सोडून व्याज लावलेले सापडले तर सगळी सुनावणी त्या ९६१ रुपयांभोवती फिरेल.

सॉफ्टवेअरमध्ये व्याजाचा आधार बदलण्याची सोय होती. संस्थेने सुरुवातीला ती तशीच सोडली होती, इतकेच. बदल केला, पण १ जानेवारीची बिले त्याआधीच जुन्या पद्धतीने निघून गेलेली आहेत.

११ जानेवारी, शनिवार

आज मुख्य पत्रक बांधले. बिलांच्या नोंदी एका पानावर तारखेच्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येक बिलासमोर भरण्याची अखेरची तारीख घातली. दुसऱ्या पानावर प्रत्येक पावतीतील मुद्दलात गेलेला भाग काढला. आमच्या समितीच्या जुन्या ठरावाप्रमाणे आलेल्या रकमेतून आधी व्याज वळते होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते. मग प्रत्येक बिलापैकी किती मुद्दल अजून येणे आहे, ते एका सूत्रात निघते:

```
=MAX(0, MIN(E2, SUMIFS(E$2:E2, B$2:B2, B2)
        - SUMIFS(Rcpt!$F:$F, Rcpt!$B:$B, B2)))
```

येथे `B` मध्ये सदनिका, `E` मध्ये बिलाची रक्कम आणि `Rcpt` पानाच्या `F` मध्ये मुद्दलात गेलेली जमा आहे. त्या सदनिकेची या ओळीपर्यंतची सर्व बिले मिळवायची आणि त्यातून तिची एकूण जमा वजा करायची. उत्तर शून्याहून कमी आले तर हे बिल फिटले आहे. बिलापेक्षा जास्त आले तर पूर्ण बिल बाकी आहे. मधले काही आले तर तेवढा भाग बाकी आहे. जुने बिल आधी फिटते, हे तत्त्व यात आपोआप पाळले जाते. मात्र नोंदी तारखेच्या क्रमाने नसतील तर सूत्र मुकाट्याने चुकीचे उत्तर देते, म्हणून क्रम लावल्याशिवाय पत्रक वापरायचे नाही.

मुदतीचा शिक्का दुसऱ्या सूत्राने पडतो. `D` मध्ये अखेरची तारीख, `G` मध्ये वरचे उत्तर आणि `K1` मध्ये गोषवाऱ्याची तारीख आहे:

```
=IF(AND(G2>0, EDATE(D2,3)<$K$1), "Default", "")
```

नव्वद दिवस न मोजता `EDATE` वापरले, कारण कायद्यात महिने म्हटले आहेत, दिवस नव्हे.

पत्रक चालवले तेव्हा अ-१०२ आणि अ-२०७ यांच्यावर शिक्का पडला. अ-४०१ स्वच्छ दिसली. ती स्वच्छ दिसण्याचे कारण मला समजले नाही, कारण शिल्लक १२,१३७.७२ रुपये आहे.

१२ जानेवारी, रविवार

अ-४०१ चा घोळ माझाच होता. त्यांनी सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची बिले भरली नव्हती आणि २५ नोव्हेंबरला ९,००० रुपयांचा धनादेश दिला होता. तो २ डिसेंबरला न वटता परत आला. सॉफ्टवेअरने परतीची नोंद `ChqRet` या प्रकाराने नावे टाकली. मी बिलांचे पान तयार करताना गाळणी `Debit` रकान्यावर लावली होती, त्यामुळे न वटलेला धनादेश माझ्या पत्रकात २ डिसेंबरचे ९,००० रुपयांचे नवेकोरे बिल होऊन बसला. २५ नोव्हेंबरची पावती मात्र तशीच राहिली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर तिने फेडले, नोव्हेंबरचे जेमतेम १३५ रुपये मागे उरले, आणि तीन महिन्यांचे जुने देणे पाहता पाहता ताजे झाले.

परत आलेला धनादेश म्हणजे नवे देणे नाही. पैसे कधी आलेच नव्हते, म्हणून त्याची जागा पावत्यांच्या पानावर, उणे चिन्हासह आहे. गाळणी `Debit` ऐवजी `VchType` वर लावली आणि `ChqRet` ला उणे जमा केले. लगेच सप्टेंबरचे बिल पुन्हा उघडे पडले. त्याची अखेरची तारीख २० सप्टेंबर होती, तीन महिने २० डिसेंबरला संपले, म्हणजे ३१ डिसेंबरला अ-४०१ हे नियमाने थकबाकीदार आहेत.

व्याजही दुरुस्त करावे लागले. १ डिसेंबरचे बिल निघाले तेव्हा धनादेश वटलेला गृहीत होता, त्यामुळे त्या महिन्याचे व्याज फक्त २.०४ रुपये लागले होते. खरे तर तीन बिलांच्या ९,००० रुपयांवर १३५ रुपये लागायला हवे होते. ऑक्टोबरचे ४५, नोव्हेंबरचे ९० आणि डिसेंबरचे १३५ असे २७० रुपये व्याज, मुद्दल १२,००० रुपये, एकूण १२,२७० रुपये. चारांपैकी ही एकच सदनिका, जिचे खरे येणे खतावणीपेक्षा जास्त निघाले.

१५ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी खजिनदारबाईंकडे बँकेचे उतारे घेऊन बसलो. अ-२०७ भाड्याने दिलेली आहे, बिल ३,१८० रुपये आणि सप्टेंबर ते डिसेंबर चारही महिने काही आलेले नाही, असे खतावणी सांगते. शिल्लक १३,००९.०७ रुपये. घरमालक पुण्याला राहतात. त्यांना फोन केला तर ते चिडून म्हणाले की भाडेकरू दर महिन्याला परस्पर भरतो आहे.

सस्पेन्स खात्यात १७,७२० रुपये पडून आहेत. बँकेत जमा झालेली, पण कोणाची ते न कळलेली रक्कम तेथे ठेवली जाते. त्यात ३,१८० रुपयांच्या चार जमा आहेत, सप्टेंबर ते डिसेंबर, दर महिन्याच्या ६ तारखेच्या. उताऱ्यात फक्त एक यूपीआय आयडी आहे, सदनिकेचा क्रमांक नाही, नावही ओळखीचे नाही. पण ३,१८० हा आकडाच बोलका आहे, कारण एवढे बिल फक्त भाड्याच्या चार सदनिकांना येते आणि त्यांतील तिघांच्या पावत्या वेळेवर लागलेल्या आहेत. तरीही केवळ वजाबाकीवर विसंबून पैसे वळते करायचे नाहीत असे ठरवले. भाडेकरूकडून व्यवहारांचे क्रमांक मागवले, चारही जुळले.

म्हणजे अ-२०७ चे १२,७२० रुपये मुदतीत आले होते, त्यामुळे व्याजही लागू होत नाही आणि येणे शून्य. ज्या सदनिकेची थकबाकी रकमेने दुसऱ्या क्रमांकाची दिसत होती, ती वास्तविक वेळेवर भरणारी निघाली. गोषवारा काढण्याआधी सस्पेन्स खाते उघडून पाहायचे, हा यापुढे कामाचा पहिला टप्पा राहील. उरलेल्या ५,००० रुपयांचा मालक सापडला नाही.

१९ जानेवारी, रविवार

ब-३०४ साठी पूर्ण दिवस गेला. रक्कम चारांत सर्वांत लहान, पण प्रश्न सर्वांत अवघड आणि नाजूकही, कारण हे सदस्य व्यवस्थापक समितीवर आहेत आणि थकबाकीदाराला समितीवर राहता येत नाही.

एप्रिल, मे आणि जून २०२४ ची बिले त्यांनी भरली नाहीत. १० जुलैला १०,००० रुपये एकरकमी भरले. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता ३,००० आले. खाते सरळ व्याजाने पुन्हा मांडले ते असे:

| महिना | आधीचे मुद्दल | व्याज | बिल | जमा | अखेरचे मुद्दल |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | ० | ० | ३,००० | ० | ३,००० |
| मे | ३,००० | ४५.०० | ३,००० | ० | ६,००० |
| जून | ६,००० | ९०.०० | ३,००० | ० | ९,००० |
| जुलै | ९,००० | १३५.०० | ३,००० | १०,००० | २,२७०.०० |
| ऑगस्ट | २,२७०.०० | ३४.०५ | ३,००० | ३,००० | २,३०४.०५ |
| सप्टेंबर | २,३०४.०५ | ३४.५६ | ३,००० | ३,००० | २,३३८.६१ |
| ऑक्टोबर | २,३३८.६१ | ३५.०८ | ३,००० | ३,००० | २,३७३.६९ |
| नोव्हेंबर | २,३७३.६९ | ३५.६१ | ३,००० | ३,००० | २,४०९.३० |
| डिसेंबर | २,४०९.३० | ३६.१४ | ३,००० | ३,००० | २,४४५.४४ |

जुलैच्या १०,००० रुपयांतून तोवरचे २७० रुपये व्याज वळते झाले आणि ९,७३० मुद्दलात गेले, म्हणून २,२७० उरले. पुढे दर महिन्याच्या ३,००० रुपयांतून आधी मागचे फिटते आणि चालू बिलाचा तेवढाच भाग मागे राहतो. या मांडणीत ३१ डिसेंबरला येणे असलेले २,४४५.४४ रुपये हे डिसेंबरच्या बिलाचेच आहेत. अखेरची तारीख उलटून अकरा दिवस झाले आहेत आणि सदस्य थकबाकीदार नाहीत. माझ्या सूत्रानेही हेच उत्तर दिले होते.

पण बँकेच्या उताऱ्यात त्यांच्या प्रत्येक हस्तांतरणासमोर शेरा आहे: `MAINT AUG B304`, `MAINT SEP B304`, आणि असेच पुढे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ५९ सांगते की देणेकऱ्याने पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले असेल आणि ते स्वीकारले गेले असतील, तर त्याच देण्यात ते धरले पाहिजेत. त्याने काही सांगितले नसेल तर कलम ६० प्रमाणे घेणाऱ्याला ठरवता येते, आणि दोघांनीही काही ठरवले नसेल तर कलम ६१ प्रमाणे जुने देणे आधी फिटते. आता `MAINT AUG` हा शेरा म्हणजे सूचना मानली, तर ऑगस्टचे पैसे ऑगस्टच्याच बिलात जातात, सप्टेंबरचे सप्टेंबरच्या, आणि जुलैच्या बिलाचे २,२७० रुपये जेथल्या तेथे राहतात. त्यांची अखेरची तारीख २० जुलै. तीन महिने २० ऑक्टोबरला संपले. सदस्य थकबाकीदार ठरतात.

दुसऱ्या मांडणीत व्याज दरमहा ३४.०५ प्रमाणे पाच महिन्यांचे १७०.२५ होते आणि एकूण येणे २,४४०.२५ रुपये. पहिल्या मांडणीपेक्षा फक्त ५.१९ रुपयांनी कमी! रकमेत सव्वापाच रुपयांचाही फरक नाही आणि एका बाजूला सदस्य समितीवर, दुसऱ्या बाजूला समितीबाहेर. शिवाय जो सदस्य काळजीपूर्वक महिन्याचे नाव लिहितो तो अडकतो आणि जो काहीच न लिहिता पैसे पाठवतो तो सुटतो, हेही विचित्रच आहे.

हा निर्णय पत्रकाने किंवा मी घ्यायचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रकात एक रकाना वाढवला. पावतीच्या शेऱ्यात महिन्याचे नाव असेल आणि त्याआधीचे एखादे बिल बाकी असेल, तर तेथे "विचारा" असा शब्द उमटतो.

२२ जानेवारी, बुधवार

खजिनदारबाईंनी ब-३०४ ला दोन ओळींचे पत्र दिले. आपण पाठवलेल्या रकमा शेऱ्यातील महिन्याच्या बिलापोटीच धरायच्या आहेत की सर्वांत जुन्या येण्यापोटी, हे लेखी कळवावे, एवढेच. थकबाकीचा उल्लेख मुद्दाम टाळला, म्हणजे उत्तर भीतीपोटी दिले असे वाटू नये. त्यांनी त्याच दिवशी लेखी कळवले की बँकेच्या ॲपमध्ये शेऱ्याची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून ते महिन्याचे नाव लिहीत होते, रकमा जुन्या येण्यात धराव्यात. समितीने हे उत्तर इतिवृत्तात घेतले; त्या विषयापुरते संबंधित सदस्य बाहेर बसले होते.

पुढच्या बिलांच्या तळाशी एक वाक्य छापायचे ठरले: सदस्याने स्वतंत्रपणे लेखी कळवले नसल्यास आलेली रक्कम प्रथम व्याजात आणि नंतर सर्वांत जुन्या मुद्दलात वळती केली जाईल. हे वाक्य दोन वर्षांपूर्वीच बिलावर असते, तर माझा एक रविवार वाचला असता.

२५ जानेवारी, शनिवार

३१ डिसेंबर अखेरचा गोषवारा पूर्ण झाला. येणे १,०८,१६५.४४ रुपये, आगाऊ जमा ४५,००० रुपये, निव्वळ ६३,१६५.४४ रुपये. थकबाकीदार दोनच, अ-१०२ आणि अ-४०१.

खतावणीचा निव्वळ आकडा मात्र अजून ७७,००६.७२ आहे आणि लेखापरीक्षक तोच पाहणार. म्हणून गोषवाऱ्याच्या मागच्या बाजूला १३,८४१.२८ रुपयांच्या फरकाचा मेळ दिला आहे. अ-२०७ चे १३,००९.०७, अ-१०२ चे जादा व्याज ९६१.५७ आणि ब-३०४ चे २.९२ रुपये कमी झाले, तर अ-४०१ चे १३२.२८ रुपये वाढले. डिसेंबरच्या जुन्या नोंदींना हात न लावता या दुरुस्त्या जानेवारीच्या तारखेने जमाखर्च व्हाउचर करून घ्यायच्या आहेत. मागील महिन्यांच्या नोंदी बदलल्या तर सदस्यांकडे असलेली छापील बिले आणि खतावणी यांचा संबंधच तुटतो.

अ-१०२ बाबत एक अडचण खजिनदारबाईंनी दाखवली, ती माझ्या डोक्यात आली नव्हती. व्याख्येत बिल मिळाल्याची तारीखही आहे. इतर सदनिकांची बिले ५ तारखेच्या आत हातात पडतात, म्हणून २० तारीख नंतरची ठरते आणि माझे सूत्र चालते. कुलूपबंद दाराखाली सरकवलेले बिल मालकाला मिळाले, असे म्हणायचे कशाच्या आधारावर? आमच्याकडे पोच एकाही बिलाची नाही. ५४,००० रुपये मुद्दल तीन महिन्यांपलीकडचे आहे, असे पत्रक म्हणते, पण वसुलीच्या अर्जाआधी सदस्य नोंदवहीतील पत्त्यावर पोचदेय टपालाने संपूर्ण थकबाकीची नोटीस पाठवायची आणि मुदत त्या पोचेच्या तारखेपासून धरायची, असे ठरले. गोषवाऱ्यात अ-१०२ समोर तशी टीप घातली आहे. आज नोटीस सरळ व्याजाच्या तक्त्यासह रवाना केली.

गोषवारा समितीसाठीच आहे, सूचना फलकासाठी नाही, यावर मी थोडा हट्ट धरला. पहिल्या मसुद्यातील यादी फलकावर लागली असती, तर अ-२०७ चे नाव तेथे झळकले असते आणि अ-४०१ चे नसते.

२ फेब्रुवारी, रविवार

३१ जानेवारी अखेरचा गोषवारा आज काढला. सस्पेन्स खाते, परत आलेले धनादेश, शेरे आणि मग सूत्रे, या क्रमाने पाऊण तास लागला.

अ-४०१ ने १८ जानेवारीला १५,००० रुपये बँकेतून थेट भरले. त्यांचे जानेवारी धरून येणे १५,४५० होते. व्याजाचे ४५० वळते होऊन जानेवारीच्या बिलाचे ४५० रुपये मागे राहिले, म्हणून ते आता थकबाकीदार नाहीत. ब-३०४ ने पत्राचे उत्तर दिल्याच्या दुसऱ्या दिवशी जानेवारीसकट ५,४८२.१२ रुपये पैशासकट भरून खाते शून्यावर आणले. डिसेंबरची सात बिले आली. अ-१०२ चे येणे ७६,३९५ रुपये झाले असून नोटिशीची पोच अजून परत आलेली नाही.

सस्पेन्समधील ५,००० रुपये तसेच आहेत. एवढ्या रकमेचे बिल आमच्याकडे कोणालाच येत नाही आणि जमेची तारीख १४ नोव्हेंबर आहे. त्या आठवड्यात सभागृह कोणी भाड्याने घेतले होते का, हे पाहण्यासाठी खजिनदारबाईंनी पहारेकऱ्याकडून सभागृहाची वही मागवली आहे.